मंडईच्या दिवसाचा अंदाज

आमचं ऑफिस गोंदियालगतच्या कुडव्यात होतं. खाली सिमेंट-लोखंडाचं दुकान, वर आम्ही. जिना इतका अरुंद की दोघं समोरासमोर आले तर एकाला मागे वळावं लागे. चार टेबलं, एक इन्व्हर्टर, आणि उन्हाळ्यात ज्याच्या समोर बसण्यावरून भांडणं होत असा एक कूलर. या खोलीत आम्ही भाताच्या गिरण्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. मोबाइलवर स्वस्त डेटा नुकताच आला होता, आणि ज्या गिरणीवाल्यांनी जन्मात कधी ई-मेल उघडला नव्हता ते फोनवर वजनकाट्याचा फोटो बघायला लागले होते.

काम सरळ होतं. धानाचा ट्रक गिरणीच्या काट्यावर चढला की खांबावरचा कॅमेरा फोटो काढायचा. तो फोटो आणि वजन क्लाउडवर जायचं, म्हणजे दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या मशिनींवर. तिथे एक भाड्याचीच सोय फोटोतला गाडीचा नंबर वाचायची. नंबर आणि वजन जुळलं की मालकाच्या फोनवर मेसेज. मालक गोंदियात बसून गिरणीतला ट्रक मोजायचा आणि खूश असायचा.

या भाड्याचा हिशेब माझ्याकडे होता. मी कॉमर्सवाला, आधी पाच वर्षं एका गिरणीत मुनीम होतो, म्हणून. भाडं मीटरसारखं चालायचं. मशीन किती तास चालली, किती फोटो ठेवले, किती वेळा नंबर वाचला, त्या प्रत्येकाचे पैसे वेगळे. महिन्याच्या शेवटी कार्डातून रक्कम कापली जायची. आधी कोणी विचारत नाही, मधे कोणी थांबवत नाही. महिन्याचं बजेट तुम्ही तिथे लिहून ठेवू शकता, पण ओलांडलं तर ते फक्त मेल पाठवतं. मशीन बंद करत नाही. ही गोष्ट मी आमच्या मालकाला निदान दहा वेळा समजावली असेल. तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "तो फिर बजट काहे का?"

मालकाला आम्ही भैया म्हणायचो. वडिलांच्या दोन गिरण्या, हा शिकून आलेला, गोंदियातच काहीतरी करून दाखवायचं म्हणून पेटलेला. माणूस दिलदार होता, पण पैसा बुडाला की त्याला समोर एक माणूस लागायचा. कोणीतरी एक. कारण सांगितलेलं त्याला चालत नसे, नाव लागायचं.

आणि ती. ती दरेकशाची. घरची जंगलालगतची शेती, वडील वनखात्याच्या कामावर मजुरीला जायचे. गोंदियात हॉस्टेलवर राहून इंजिनिअर झाली, आणि आमचं सगळं सॉफ्टवेअर जवळजवळ तिने एकटीने लिहिलं होतं. पुण्याला जा, हैदराबादला जा, असं तिला सगळ्यांनी सांगून झालं होतं. तिला इथेच राहायचं होतं. शनिवारी दुपारच्या गाडीने घरी, सोमवारी सकाळी परत. मला ती भाऊ म्हणायची, मी तिला तू.

आता लाजेची गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

पहिल्या मोठ्या हंगामाच्या तोंडावर, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, तिने सहा मोठ्या मशिनी चालू केल्या होत्या. हंगामात एकदम शंभर ट्रक आले तर आपलं सॉफ्टवेअर झेपेल का, हे बघायला. चाचणी दोन तासांची होती. चाचणी झाली, आणि घरून निरोप आला की धानकापणीला माणसं मिळत नाहीत. ती संध्याकाळच्या गाडीने गेली. मशिनी चालूच राहिल्या. एकोणीस दिवस.

तिथून पुढे ती आठवड्यातले तीन-चार दिवस गावी असायची, उरलेले दिवस हंगामाच्या धावपळीत. मशिनी तिच्या डोक्यातून पार गेल्या. एकोणिसाव्या दिवशी कार्डाच्या बँकेचा फोन भैयाला आला. नेहमीच्या भाड्याच्या वर एक लाख ऐंशी हजार. आमच्या पूर्ण महिन्याच्या बजेटपेक्षा जास्त.

भैयाने नाव विचारलं, आणि नाव तर उघड होतं. मशिनी चालू करणारी ती. तिची पगारवाढ गेली. सगळ्यांसमोर भैया म्हणाला, "इस बार माफ. अगले सीजन में फिर बजट टूटा ना, तो तू अपना देख ले. मैं बोलूंगा भी नहीं." तिने मान हलवली. तिचे हात टेबलाखाली होते.

मी बोललो नाही. आणि बोलायला माझ्याकडे होतं. मशिनी चालू झाल्याच्या चौथ्या दिवशी मला मेल आलं होतं. आतापर्यंतचा खर्च बघून महिन्याचा अंदाज काढला आहे, तो तुमच्या बजेटच्या पुढे जातो आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते वाचलं, हंगाम सुरू झाला, वाढणारच, असं मनाशी म्हटलं आणि बाजूला सारलं. नवव्या दिवशी बजेटचे ऐंशी टक्के संपल्याचं मेल. तेही हंगाम. अकराव्या दिवशी पूर्ण बजेट संपल्याचं. तेव्हा मी बहुतेक कंटाळलो होतो, उघडलंच नाही. चौथ्या दिवशी मी एक फोन केला असता तर अडतीस-चाळीस हजारांत भागलं असतं, आणि अडतीस हजारांवर भैया चार शिव्या घालून मोकळा झाला असता.

हे फक्त मला माहीत होतं. मेल माझ्या एकट्याकडे यायची.

यानंतर मला चैन पडेना. वर्षभर पडली नाही. मी फोन हातात घेऊन जेवायचो. बायको म्हणायची, "घासात काय वाचून राहिले?" मी म्हणायचो, काही नाही. दिवसातून सात-आठ वेळा मी खर्चाचं पान उघडायचो, आणि त्यात गंमत अशी की ते पान दिवसातून फार तर दोन-तीनदा ताजं होतं. कालचा खर्च पुरता दिसायला आजची दुपार उजाडते. म्हणजे मी दर तासाला तेच आकडे बघायचो आणि दर तासाला नव्याने घाबरायचो. कुत्र्याने भिंतीला तोंड लावून बसावं तसं.

शेवटी मीच वैतागलो आणि कामाला लागलो. महिन्याच्या बजेटवर अवलंबून राहणं मूर्खपणाचं होतं, हे मी शिकलो होतो. ते मेल येईपर्यंत निम्मा महिना उलटतो. मला पाहिजे होतं ते असं: काल किती खर्च व्हायला हवा होता आणि किती झाला, हे आज मला कळलं पाहिजे. त्यासाठी आधी प्रत्येक खर्चावर चिठ्ठी लागली, हा या गिरणीचा, हा त्या गिरणीचा, हा नंबर वाचण्याचा, हा चाचणीचा. चिठ्ठ्या लावण्याचं काम तिनेच केलं. एक शब्द न विचारता केलं. मग मी मागच्या वर्षीचे रोजचे आकडे काढून अंदाज बांधायला बसलो.

पहिले दोन महिने माझ्या इशाऱ्यांनी सगळ्यांना भंडावून सोडलं. रविवारी गिरण्या बंद, खर्च कमी. सोमवारी खर्च रविवारपेक्षा दुप्पट, की वाजला फोन. मग मी सोमवारची तुलना सोमवारशी करायला लागलो. एखाद्या लहान गिरणीचा खर्च तीस रुपयांवरून साठ झाला, दुप्पट झाला, की वाजला फोन. मग मी टक्के आणि रुपये दोन्हीची अट घातली. अंदाजापेक्षा तीस टक्के जास्त पाहिजे, आणि निदान पाचशे रुपये तरी जास्त पाहिजे, तरच मेसेज. भैयाच्या फोनवरही तो जायचा. भैया म्हणाला, "अब जाके कुछ ठीक है. पहले तो शादी का बैंड था."

तरी एक गोष्ट अडत होती. हंगामाचा अंदाज बांधताना मागच्या वर्षीचा नोव्हेंबर मधे आला की मी थांबायचो. ते एकोणीस दिवस तसेच ठेवले तर सॉफ्टवेअरला वाटणार की नोव्हेंबरात एवढा खर्च होतच असतो, आणि तसाच खर्च पुन्हा झाला तर ते गप्प बसणार. म्हणून ते दिवस मी अंदाजातून काढून टाकले. कीबोर्डवर तीन बटणं दाबून. माझ्या डोक्यातून मात्र निघाले नाहीत.

मग दिवाळीनंतरचा प्रश्न आला. आमच्याकडे भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. ज्या गावची मंडई त्या गावात त्या दिवशी कोणी कामाला हात लावत नाही. दुकानं, पाळणे, दंडारीचे खेळ, रात्रभर नाटक, आणि घरोघर पाहुणे. गिरणीचे हमाल त्याच गावचे, त्यामुळे गिरणीही बंद. क्लाउडला दिवाळी माहीत असेल, अमुक गावची मंडई मंगळवारी आहे हे कोण सांगणार त्याला? मी सांगितलं. आमच्या सत्तावीस गिरण्यांच्या मुनीमांना एकेक फोन करून गावची मंडई विचारली, आसपासच्या ज्या गावांतून हमाल येतात त्यांचीही विचारली, आणि यादी बनवली. त्या दिवशी त्या गिरणीचा अंदाज जवळजवळ शून्य.

भैया हसला. "भाऊसाहब, मंडई का कैलेंडर बना रहे हो? नाटक की टिकट भी बेचोगे क्या?"

ती मात्र हसली नाही. यादी बघून म्हणाली, "भाऊ, हे बरं केलं तुम्ही. एकूण खर्चात हे दिसलंच नसतं."

ती सावध झाली होती, फार. आधी कामाचं काही करताना तोंडाने गुणगुणायची, ते बंद झालं होतं. घरी जाताना चालू असलेल्या प्रत्येक मशीनची यादी कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवायची, खाली सही करायची. मला ती सही बघवत नसे. कागद मी ड्रॉवरमधे टाकायचो.

दुसरा हंगाम आला. ऑक्टोबरच्या मध्यावर अर्जुनी मोरगावकडच्या एका गिरणीवाल्याने मला फोनवर धारेवर धरलं. त्याच्याकडे येणारे ट्रक तलावाच्या पाळीवरून चिखलातून येतात, नंबरप्लेटवर माती असते, नंबर वाचला जात नाही आणि त्याला मेसेज मिळत नाही. नियम असा होता की तीनदा वाचून बघायचं, नाही जमलं तर फोटो बाजूला ठेवायचा, आमच्यापैकी कोणीतरी डोळ्यांनी वाचेल. तो म्हणाला, "तीनदाच कायले? वाचत राहा ना. मशीनले काय थकवा येते?"

मला पटलं. खरं म्हणजे मला त्याचा फोन संपवायचा होता. मी तिला म्हटलं, तीनची अट काढून टाक, वाचेपर्यंत वाचू दे.

ती म्हणाली, "भाऊ, नंबरच नसला फोटोत, तर?"

"काट्यावर ट्रक नाही तर काय चढेल? बैल?"

"मले नाही पटत. दर वाचण्याचे पैसे लागतात."

"मी करतो," मी म्हटलं. आणि माझ्याकडे ती परवानगी होती, म्हणून मीच ती अट काढली. एक ओळ. तिने पुन्हा काही म्हटलं नाही, त्या वर्षी ती कोणाशीच वाद वाढवत नव्हती.

दिवाळी झाली. ती गावी गेली, त्यांच्याकडची मंडई होती. जाण्याआधी तिने फोटो पाठवण्याच्या भागात मोठा बदल करून ठेवला होता, त्याची महिनाभर चाचणी केली होती, तरी जाताना जिन्यात दोनदा परत फिरली. "काही झालं तं स्टेशनवर फोन लागते, घरी नाही लागत," असं सांगून गेली.

गुरुवारी दुपारी बाराला, रोजच्या इशाऱ्याच्या वेळी, मी ऑफिसात एकटा होतो. फोन वाजला, मेसेज. अर्जुनीकडच्या त्या गिरणीचा कालचा अंदाज चाळीस रुपये. झालेला खर्च, क्लाउडचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला संपतो तोपर्यंतचा, दोन हजार नऊशे.

मी आधी एकूण आकडा बघितला. सवय जात नाही. एकूण खर्च पाच हजारांच्या आत, अगदी रोजच्यासारखा. काल बुधवारी आमच्या निम्म्याहून जास्त गिरण्या स्वतःच्या किंवा हमालांच्या गावच्या मंडईमुळे बंद होत्या, म्हणजे तो दोन हजार असायला हवा होता. त्या यादीशिवाय कोणाला शंका आली नसती. मला तर नक्कीच आली नसती. पाच हजार बघून मी चहा सांगितला असता.

तेवढ्यात भैयाचा फोन. "देखा? मैसेज आया. लड़की ने दिवाली के पहले नया डाला था ना?"

"हो," मी म्हटलं. "पण बघतो आधी."

"देखना क्या है? फिर वही. बोल के भी रखा था. उसको फोन लगाओ और बोलो सोमवार को आना मत, हिसाब घर भेज देंगे."

"भैया, एक तास द्या."

"एक घंटा. फिर मैं ही लगाता हूं."

 मी खर्च कामाप्रमाणे उलगडला. मशिनींचे पैसे नेहमीसारखे. फोटो ठेवण्याचे, नेहमीसारखे. सगळा भडका नंबर वाचण्याचा होता. बंद गिरणीत काल रात्री नऊपासून हजारो वेळा नंबर वाचला गेला होता, आणि अजून चालू होता. वाचण्याचा आकडा आमच्या सॉफ्टवेअरमधे लगेच दिसतो, आणि मी बघत असतानाच तो पुढे सरकत होता.

मी फोटो उघडले.

पहिल्या फोटोत काट्यावर एक म्हातारी शाल पांघरून बसली होती. दुसऱ्यात तीच म्हातारी, शेजारी दोन बाया आणि मांडीवर झोपलेलं पोर. तिसऱ्यात एक माणूस शेंगा घेऊन काट्यावर चढत होता. चौथ्यात तो उतरत होता. मी पन्नास-साठ फोटो बघितले. सगळे कॅमेऱ्याकडे पाठ किंवा कड करून एकाच दिशेला बघत होते.

गिरणीच्या मुनीमाला फोन लावला. तो नुकताच झोपेतून उठला होता.

"काल नाटक कुठं होतं तुमच्याकडे?"

"आपल्याच गिरणीच्या मैदानात ना. मालकानं देल्लं यंदा."

"आणि काट्यावर लोक बसले होते?"

"बसतीन नाही तं काय? काटा हातभर उंच आहे, तिथून स्टेज मस्त दिसते. घरच्या पाहुण्यांना आम्हीच बसवलं तिथं. काऊन, काही तुटलं का?"

"काट्याचा कॉम्प्युटर बंद केला नव्हता?"

"तो तं कधीच बंद नाही करत आम्ही. तुम्हीच सांगून ठेवलं होतं."

मीच सांगून ठेवलं होतं. काट्यावर वजन चढलं की फोटो, उतरलं की फोटो. साठ किलोची बाई बसली, फोटो. नवऱ्याने चहा आणायला उठावं, फोटो. रात्रभरात चारशेच्या वर फोटो, आणि प्रत्येक फोटोत सॉफ्टवेअर गाडीचा नंबर शोधत होतं. म्हातारीच्या शालीवर नंबर कुठून सापडणार? सापडला नाही की पाच मिनिटांनी परत. नाटक पहाटे संपलं, लोक घरी जाऊन झोपले, आणि तिकडे चारशे फोटो दर पाच मिनिटांनी वाचले जात होते, प्रत्येक वाचण्याचे पैसे लागत होते. तिचा नवा बदल यात कुठेच नव्हता. तिने लिहिलेली तीनची अट असती तर पंधरा मिनिटांत सगळं गार झालं असतं. अट मी काढली होती. त्या ओळीपुढे माझं नाव आणि तारीख होती.

मी तीनची अट परत घातली. चारशे फोटो बाजूच्या ढिगात जाऊन पडले आणि आकडा थांबला. सव्वा वाजला होता. सगळं मिळून साडेपाच हजार गेले असतील. आणि त्या आठवड्यात अजून सहा गावांच्या मंडया होत्या, त्यातल्या दोन गावांत आमची गिरणी आणि नाटकाचं मैदान एकच. महिनाअखेरीपर्यंत हे वाढत गेलं असतं आणि एकूण आकड्यात हंगाम म्हणून लपून राहिलं असतं.

भैयाला फोन केला. सगळं सांगितलं, काट्यावरच्या पाहुण्यांसकट.

तो हसायला लागला. थांबेचना. "मतलब दादी का नंबर प्लेट ढूंढ रहा था अपना सॉफ्टवेअर?"

"हो. आणि अट मी काढली होती. तिने नको म्हटलं होतं."

"अरे होता है यार. पांच हजार की बात है. तुमने एक दिन में पकड़ लिया, शाबाश. वो फोटो भेजो ना मुझे, दादी वाला."

मी फोन धरून उभा राहिलो. माझी चूक, माझं नाव, तारखेसकट. आणि भैया हसत होता. मला तिची मान हलवणं आठवलं, टेबलाखालचे हात आठवले. तिची चूक माझ्या चुकीपेक्षा मोठी नव्हती. तिची एकोणीस दिवस वाढत राहिली, कारण बघायला मी होतो. माझी सोळा तासांत थांबली, कारण बघायला मी होतो. यातल्या पहिल्या वाक्यात अडकून माझा जीव वर्षभर खालीवर होत होता हे मला त्या क्षणी नीट कळलं, आणि मला स्वतःची किळस आली.

"भैया," मी म्हटलं, "मागच्या वर्षी मला चौथ्या दिवशी मेल आलं होतं."

मग सगळं सांगितलं. चौथा दिवस, नववा, अकरावा. तो हसायचा थांबला होता.  मग म्हणाला, "ये बात मुझे क्यों बता रहे हो? उसको बताओ." आणि फोन ठेवला.

सोमवारी ती सकाळच्या गाडीने आली. भैयाने माझ्या आधी तिला काही सांगितलं होतं का, मला माहीत नाही. ती पिशवी खाली ठेवत होती तेव्हाच मी सुरुवात केली, नाहीतर मला धीर झाला नसता. काट्याचं आधी सांगितलं. अट माझी, चूक माझी, तू बरोबर होतीस. तिने नुसतं "हं" केलं. मग मेलचं सांगितलं.

ती उभीच होती. खालून लोखंडी सळ्या गाडीत टाकल्याचा आवाज येत होता, तो संपेपर्यंत ती थांबली.

"गुरुवारचं तुम्ही एका दिवसात पकडलं?"

"हो."

"आणि हे सांगाले तुम्हाले वर्ष लागलं?"

मी तिची खुर्ची तिच्याकडे सरकवली. 

"माझ्या बापानं जंगलातलं काम वाढवून घेतलं त्या वर्षी," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं घरी, माझी नोकरी जाऊन राहिली म्हणून. तेव्हापासून त्याची कंबर दुखते."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली, ते चारशे फोटो उघडले आणि एकेक बघून पुसायला लागली. मधे एका फोटोपाशी थांबली, त्यात एक लहान मुलगी काट्यावर उड्या मारत होती. तोही पुसला.

भैयाने महिनाअखेरीला तिची राहिलेली पगारवाढ मागच्या तारखेपासून दिली. मला तो काही म्हणाला नाही, आणि मी त्याला ओळखत होतो, म्हणून ते मला जास्त लागलं. त्याला नेहमी नाव लागायचं, या वेळी नाव त्याच्याकडे होतं, आणि त्याने ते घेतलं नाही.

तिने एकच गोष्ट मागितली. इशाऱ्याचा मेसेज यापुढे तिलाही यावा. मी तिचा नंबर यादीत घातला, सगळ्यांत वर. ऑफिस कुडव्यातच राहिलं, तीही राहिली, आणखी चार हंगाम. गिरण्या सत्तावीसच्या चाळीस झाल्या. मंडईची यादी दर वर्षी दिवाळीआधी आम्ही दोघं मिळून फोन करून भरायचो, ती विचारायची, मी लिहायचो. एका गावच्या मंडईची तारीख बदलली तर ती मला बदलायला लावायची आणि बदललेली ओळ स्वतः उघडून बघायची. कामात तिने कधी काही कमी पडू दिलं नाही. तीनची अट, चारची अट, जे काही ठरायचं ते आधी कागदावर लिहायचं आणि दोघांनी वाचायचं, हा नियमही तिचाच.

पण रोज दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी तिचा प्रश्न यायचा. ती समोरच्या टेबलावर असली तर मान वर करून विचारायची, गावी असली तर दरेकशाच्या स्टेशनापर्यंत चालत येऊन विचारायची, गाड्यांच्या आवाजात. "पाहिलं का?"

"पाहिलं," मी म्हणायचो.

"काय लिहिलं आहे?"

आणि मला ते मोठ्याने वाचून दाखवावं लागे. ज्या दिवशी काहीच आलेलं नसे त्या दिवशीही ती विचारायची, आणि मी म्हणायचो, आज काही नाही, आणि ती स्वतःच्या फोनवर बघून घ्यायची.